कन्सोलला स्टॅबिलायझर लावावा की यूपीएस? आमच्या घरातलं उत्तर

आम्ही कळव्याला राहतो. पावसाळ्यात लाईट जाते ती सहसा पूर्ण जात नाही. दोन-चार सेकंद जाते, येते, पुन्हा जाते. पंख्याला त्याचं काही नसतं. पण मुलाचा प्लेस्टेशन ५ मधेच बंद पडला की पुढच्या वेळी सुरू होताना आधी स्टोरेज तपासत बसतो. गेम सेव्ह होत असताना लाईट गेली, तर ती सेव्ह फाईलही खराब होऊ शकते.

ठाण्यातल्या दुकानदाराने लगेच टीव्हीचा स्टॅबिलायझर पुढे केला. तो घेण्याआधी मी घरी मल्टिमीटरने टीव्हीच्या बोर्डावरचा व्होल्टेज वेगवेगळ्या वेळी बघितला. संध्याकाळी सगळीकडचे एसी चालू असताना २०५ ते २१०, मध्यरात्रीनंतर २४५ च्या आसपास. टीव्ही आणि कन्सोलच्या मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असतं. त्यांच्या आतला पॉवर सप्लाय एवढा चढउतार, छापलेल्या आकड्याच्या किंचित वरचे २४५ सुद्धा, स्वतःच पचवतो, त्यामुळे २०५ चे २३० करून देणाऱ्या डब्याची आम्हाला गरज नव्हती. शिवाय स्टॅबिलायझरमध्ये बॅटरीच नसते, म्हणजे लाईट गेली की तोही गेला. स्टॅबिलायझर खरा उपयोगी पडतो तो व्होल्टेज वारंवार २६० च्या वर जातो तिथे, आणि तोही हाय-कट असलेलाच, म्हणजे व्होल्टेज फार चढला की पुरवठा तोडणाराच घ्यायचा.

मोजताना एक गोष्ट मुद्दाम बघितली. घरातला एसी सुरू झाल्यावर त्याच बोर्डावरचा आकडा किती हलतो? आमच्याकडे पाच-सहा व्होल्ट उतरला, म्हणजे ठीक. तोच पंचवीस-तीस उतरला असता तर कुठेतरी जोड सैल किंवा वायर बारीक समजायची. आणि स्वतःचा किंवा शेजाऱ्यांचा लोड वाढल्यावर आकडा उतरण्याऐवजी चढला, तर न्यूट्रल सैल असण्याची शक्यता मोठी. तेव्हा कुठलाही डबा विकत घेण्याआधी मेन स्विच पाडून इलेक्ट्रिशियनला बोलवायचं. न्यूट्रल तुटला तर घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतो, आणि मग नुसता टीव्हीच जळतो असं नाही.

मग यूपीएस किती मोठा? प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून आकडे बघितले. जड गेम चालू असताना कन्सोल २०० वॉटच्या आसपास, ५५ इंची टीव्ही शंभरेक, राउटर दहा. एकूण ३१०. कॉम्प्युटरवाले जो ६०० व्हीएचा यूपीएस देतात त्याची खरी क्षमता ३६० वॉट असते. व्हीए मोठ्या अक्षरात आणि वॉट बारीक अक्षरात, हे सगळ्याच खोक्यांवर बघितलं. ३६० वर ३१० चालतं, पण त्यात १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी. कागदावर ती ८४ वॉट-तास. एवढ्या जोरात खेचली की त्यातलं निम्मंच हाती लागतं, वर यूपीएस स्वतःही थोडं खातो. म्हणजे सात-आठ मिनिटंही धरू नयेत. बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी. म्हणून दोन बॅटऱ्यांचा, ६०० वॉटवाला लाईन-इंटरॅक्टिव्ह घेतला. त्यात चढउताराची दुरुस्तीही आतच असते.

स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की साइन वेव्ह न देता पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतो. बहुतेक कन्सोल त्यावर चालतात, पण काही पॉवर सप्लाय गुणगुणतात किंवा बदलाच्या क्षणी बंद पडतात. हे दुकानात कळत नाही, म्हणून परत घेण्याची अट आधीच बोलून घेतली.

बॅटरी रात्रभर चार्ज करून घरीच चाचणी घेतली. आधी फक्त टीव्ही, मग कन्सोल होम स्क्रीनवर, मग गेम सेव्ह करून झाल्यावर चालू गेममध्ये. प्लग उपटला नाही, बोर्डावरचं बटण बंद केलं, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. टक् आवाज आला, यूपीएस बीप करू लागला, गेम चालूच. अकरा मिनिटांनी तो बंद पडायला आला.

केबलचा सेट-टॉप बॉक्स मात्र वेगळ्या प्लगवर होता, तोही यूपीएसवर आणला. एचडीएमआय वायरने तो टीव्हीला जोडलेला असतो. केबलमधून किंवा दुसऱ्या अर्थिंगमधून आलेला झटका त्याच वाटेने टीव्हीत शिरतो. विजा चमकायला लागल्या की आम्ही केबलची पिन काढूनच ठेवतो, कारण जवळ पडलेल्या विजेला यूपीएस पुरा पडत नाही.

आता बीप सुरू झाला की मुलाने सेव्ह करून कन्सोल पूर्ण बंद करायचा असं ठरलंय, रेस्ट मोडमध्ये नाही. "बाबा, फक्त ही मॅच" यावर वाद चालू आहे.