अडतीस खाती, एक ईमेल आणि शेतकी साहेब

मांजरा काठच्या एका साखर कारखान्यात मी लेखा विभाग सांभाळतो. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याची ऊस बिलं निघत होती, तेव्हा आमच्या ऊस बिल विभागातल्या तरुण लिपिकाने मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना पाठवायचा ईमेल मला आधी दाखवला. तो असा होता :

'साहेब, तुमच्या गट कार्यालयांनी पाठवलेल्या यादीत ३८ शेतकऱ्यांचे खाते क्रमांक चुकीचे आहेत. मागच्या पंधरवड्यातही हेच झाले. शेतकरी आमच्याकडे येऊन भांडतात. उद्यापर्यंत बरोबर यादी पाठवा, नाहीतर पैसे अडकल्यास आम्ही जबाबदार नाही. कळावे.'

प्रत कार्यकारी संचालकांना. विषयाच्या जागी नुसतं 'खाते क्रमांक'.

पोराचा राग खोटा नव्हता. बिल अडकलं की शेतकरी गट कार्यालयात जात नाही, तो थेट आमच्या खिडकीवर येतो. आणि घाईही खरीच होती. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. बिल पंधरवड्याचं काढायचं म्हटल्यावर पहिल्या दिवसांच्या उसाची मुदत हिशेब होईपर्यंतच संपते. या पद्धतीबद्दल माझं मत चांगलं नाही, पण निदान १५ जानेवारीच्या उसाचे पैसे २९ तारखेला जावेत एवढं आमच्या हातात होतं. मधे २६ जानेवारीची सुट्टी गेली होती, आणि तो ईमेल २७ ला दुपारी लिहिलेला.

आमचे एक जुने सहकारी शेजारीच होते. त्यांनी लगेच दुसरा मसुदा सांगितला : 'मा. महोदय, सविनय विनंती की, काही खाते क्रमांकांत तफावत आढळून येत आहे. तरी आपल्या सोयीनुसार व शक्य झाल्यास दुरुस्त यादी मिळावी, ही नम्र विनंती.' भाषेत खोट काढायला जागा नाही. पण गळीत हंगामात शेतकी साहेबांसमोर तोडणीच्या टोळ्या, वाहनांच्या रांगा आणि ऊस वाळतोय म्हणून येणारे फोन असतात. तिथे 'सोयीनुसार' लिहिलेलं काम मार्चपर्यंत सोयीचं होत नाही. किती खाती, कधीपर्यंत, कशासाठी, हे तिन्ही त्या नम्रतेत बुडालं होतं. आमच्या कार्यालयांत निम्मी कामं अशा गोड पत्रांनी अडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी आधी ती यादीच उघडली. सोळा अंकी खाती तेवढी बिघडली होती, आणि त्या प्रत्येकाच्या शेवटी शून्य होतं. अकरा आणि चौदा अंकी क्रमांक शाबूत होते. एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक धरून ठेवतं, सोळावा अंक शून्य करून टाकतं. रकाना आधी 'टेक्स्ट' केला नाही आणि क्रमांक टाकला, की अंक तिथेच गेला. नंतर रकाना बदलूनही तो परत येत नाही, म्हणून तीच फाइल पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो. शिवाय एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते, त्यामुळे नाव बरोबर असल्याचा आधार धरता येत नाही. बहुतेक वेळा रक्कम परत येते, पण तो बदललेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला तर वसुली आमच्या गळ्यात.

या तपासणीने ईमेलचा सूरच बदलला. गट कार्यालयातल्या माणसांनी क्रमांक चुकीचे लिहिलेच नव्हते. मग 'तुमच्या कार्यालयांनी चुकीचे पाठवले' हे वाक्य उद्धट तर होतंच, शिवाय खोटंही होतं. आणि 'बरोबर यादी पाठवा' म्हटलं असतं तर तीच यादी पुन्हा तशीच टाइप होऊन आली असती. मागायचे होते ते पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो.

मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं :

'विषय : ३८ शेतकऱ्यांचे पासबुक फोटो – बुधवार, २८ जानेवारी, सायं. ५ पर्यंत

मा. साहेब, सोबतच्या गटवार यादीतील ३८ शेतकऱ्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो उद्या सायंकाळी ५ पर्यंत मिळावेत, ही विनंती. १५ तारखेच्या उसाचे १४ दिवस गुरुवारी पूर्ण होतात, आणि बँकेची फाइल त्या दिवशी सकाळी ११ ला जाते. सोळा अंकी क्रमांकांचा शेवटचा अंक एक्सेलमध्ये शून्य झाला आहे. गट कार्यालयांची नोंद चुकलेली नाही. शेतकऱ्यांपर्यंत एका दिवसात आपले गट अधिकारीच पोहोचू शकतात, म्हणून आपल्या सूचनेची गरज आहे. जेवढे फोटो येतील तेवढी बिले गुरुवारीच पाठवू. उरलेली पुढच्या फाइलमध्ये घेऊ. क्रमांक भरण्याचे काम आम्ही करू.'

विषयातच संख्या आणि वेळ घातली, कारण साहेब ईमेल मोबाइलवर बघतात आणि बांधावर उभं राहून त्यांना तेवढीच ओळ दिसते. 'उद्यापर्यंत' काढून वार, तारीख, तास लिहिला. पाच वाजता का, याचं उत्तर पुढच्याच वाक्यातल्या अकराच्या फाइलमध्ये आहे, त्यामुळे मुदत आमच्या मनाची वाटत नाही. यादी गावांच्या गटाप्रमाणे लावून दिली, म्हणजे त्यांना ती न उघडताही पुढे पाठवता येईल. 'जेवढे येतील तेवढे' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते नसलं की खालचा माणूस अडतीस पुरे होईपर्यंत पस्तीस दाबून ठेवतो.

संचालकांची प्रत काढली. पहिल्याच ईमेलला वरची प्रत जोडली की समोरचा माणूस काम सोडून खुलासा लिहायला बसतो. मुदत टळली असती तर प्रत दिली असती, पण तेही साहेबांना फोनवर सांगून. 'मागच्या पंधरवड्यातही' हेही काढलं. गोष्ट खरी होती, पण एका ईमेलमध्ये तातडीचं मागणं आणि जुनी तक्रार एकत्र आली की उत्तर तक्रारीला मिळतं.

पंधरा टक्के व्याजावर मात्र आमचं एकमत झालं नाही. पोराला ती ओळ हवी होती. म्हणाला, "साहेब, आकडा दिसला तरच हलतील." मला वाटलं, ज्या माणसाने उभा जन्म उसात काढला त्याला नियम शिकवल्यासारखं होईल, १४ दिवस म्हटले की त्यांना पुढचं कळतं. ओळ गाळली. शेतकी साहेब नवखे असते तर मी ती ठेवली असती, म्हणून पोराचं म्हणणं मी अजूनही पुरतं खोडून काढू शकत नाही.

ईमेल पाठवल्यावर मी फोन केला. पुन्हा सगळं वाचून दाखवलं नाही. "साहेब, यादी गटवार लावलीय, फक्त पुढे पाठवायची," एवढंच म्हणालो. संध्याकाळी त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं : 'गट अधिकाऱ्यांना सांगितले आहे.' बुधवारी पाचपर्यंत पस्तीस फोटो आले आणि गुरुवारच्या फाइलमध्ये ती बिलं गेली. उरलेल्या तिघांचे फोटो येणं शक्यच नव्हतं, खातेदार वारले होते. तिथे वारसांची कागदपत्रं लागणार होती, आणि त्यासाठी घरच्यांना दोन दिवसांची मुदत घालणं बरं दिसलं नसतं.

जुन्या तक्रारीचा ईमेल पुढच्या आठवड्यात वेगळा गेला. त्यात खाते क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' केलेली कोरी फाइल जोडली, आणि सगळ्या गटांनी यापुढे तीच वापरावी अशी विनंती केली. त्याला तारीख दिली नव्हती. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.