साडेतीन म्हणजे अर्धे चार

शनिवार, रात्री उशिरा

फोटोतलं हे कपाट खालच्या आजींचं. त्याच्या दारावर जी पिवळी चिठ्ठी दिसतेय ती माझी: 'हाल्ब फियर = साडेतीन. साडेचार नाही!!!' तीन उद्गारचिन्हं का, ते आज लिहून ठेवते.

दोन आठवड्यांपूर्वी आजींनी जिन्यात गाठलं. कपाट तळघरात न्यायचंय, शनिवारी हात लावाल का, म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. जर्मनीत येऊन दीड वर्ष झालं तरी शेजाऱ्यांना माझ्याकडून 'गूटन टाग'च्या पुढे फारसं काही ऐकायला मिळालेलं नव्हतं. वेळ ठरली 'हाल्ब फियर'. हाल्ब म्हणजे अर्धा, फियर म्हणजे चार, दोन्ही शब्द ओळखीचे. डोक्यात आपोआप इंग्रजी घड्याळ सुरू झालं: हाफ फोर, म्हणजे चार वाजून तीस मिनिटं. साडेचार.

पाच मिनिटं आधी पोचावं म्हणून मी चार पंचविसाला दार वाजवायला खाली उतरले. दार उघडंच होतं. कपाट जिन्याच्या वळणावर तिरकं अडकलेलं, समोरचे काका पायरीवर मांडीत खण घेऊन बसलेले आणि आजी कठड्याला टेकलेल्या. बराच वेळ वाट बघून त्या दोघांनीच सुरुवात केली होती, आणि कपाटाने त्यांना अर्ध्यात सोडलं होतं. काकांनी घड्याळाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "उद्यासाठी लवकर आलात का?"

आधी आजी हसल्या, मग काका, आणि कळायला थोडा वेळ लागला म्हणून सगळ्यात शेवटी मी.

आजींनी पाकिटाच्या मागे घड्याळ काढून दाखवलं. तीन वाजले की चौथा तास सुरू होतो. तो अर्धा झाला की 'अर्धा चौथा', हाल्ब फियर. म्हणजे ही माणसं मागे पडलेला तास मोजत नाहीत, चालू असलेला तास किती भरला ते सांगतात. देशाच्या काही भागांत तर सव्वातीनला 'पाव चार' आणि पावणेचारला 'पाऊण चार' म्हणतात, अशी भरही काकांनी घातली. मी म्हटलं, आज अर्ध्यावरच थांबू या.

घरी येऊन चहा ठेवला आणि एकदम लख्ख झालं. अडीच! आपला 'अडीच' आलाय संस्कृत 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. हाल्ब द्राय, अर्धे तीन, तंतोतंत तेच. 'साडे' मात्र 'सार्ध'वरून, अर्ध्यासकट. म्हणजे अडीच पुढच्या आकड्याकडे बघून मोजलेले आणि साडेतीन मागच्याकडे बघून. दोन्ही तऱ्हा माझ्या तोंडात लहानपणापासून आहेत, आणि मी विचारायला गेले कुणाला, तर इंग्रजीला.

त्या दिवसापासून माझ्या चुका मी जरा निराळ्या नजरेने बघायला लागले. वहीत लिहून ठेवलेल्या बऱ्याचशा याच वाटेने आलेल्या निघाल्या.

पहिल्या उन्हाळ्यातली ती कुप्रसिद्ध चूक. जिन्यात घाम पुसत मी काकांना म्हटलं, "इश बिन हाइस." 'आय अ‍ॅम हॉट'चं शब्दाला शब्द. काका क्षणभर कुंडीतल्या झाडाकडे बघत राहिले. मला वाटलं, त्यांनाही उकडत असेल. या वाक्याचा अर्थ उकाड्याचा होत नाही, भलत्याच उत्कंठेचा होतो, हे मला क्लासमध्ये तीन आठवड्यांनी कळलं. पुढचे चार दिवस मी जिना वापरायच्या आधी दाराच्या भोकातून बघून घ्यायचे. बरोबर वाक्य होतं "मीर इस्ट हाइस". मीर म्हणजे मला. मला गरम होतंय! मराठीतून विचार केला असता तर मीर आपसूक तोंडात आलं असतं.

मग आजींकडे एका दुपारी वाढदिवसाच्या गप्पा रंगल्या होत्या. मला निम्म्याहून जास्त कळत नव्हतं, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगायचं होतं, की मला मुळीच कंटाळा आलेला नाही. मी ठामपणे जाहीर केलं, "इश बिन निश्ट लांगवाइलिश." मी कंटाळवाणी नाही! कुणी तसं म्हटलेलंही नव्हतं. आजींनी माझ्या हातावर थोपटून मला तसा दिलासा दिला, नाही हो, अजिबात नाही. तिथेही मीर हवं होतं. 'मीर इस्ट श्लेश्ट' म्हणजे मला मळमळतंय, आणि 'इश बिन श्लेश्ट' म्हणजे मी वाईट आहे. मळमळत असताना हा फरक लक्षात ठेवणं किती अवघड असतं, ते मी अनुभवाने सांगू शकते.

आता कुणाला वाटेल, की मराठीतून उचललं की काम झालं. मलाही वाटलं. त्या जोशात एक दिवस आजींना म्हणाले, "मीर इस्ट हुंगर." मला भूक लागलीय. त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढावा लागला. भूक ही तिथे लागत नाही, जवळ असते: "इश हाबे हुंगर", माझ्याकडे भूक आहे. थंडी, उकाडा, मळमळ, कंटाळा, चक्कर यांना 'मला' चालतं, पण भूक आणि तहान आपापल्या खिशात. आणि लिंगांच्या बाबतीत तर मराठीचा आधार धरायलाच नको. तीन लिंगं तिकडेही आहेत, पण आपला सूर्य तिथे ती आहे. वरच्या मजल्यावरची पाच वर्षांची चिमुरडी माझा 'तो सूर्य' ऐकला की "दी! दी झोनं!" ओरडत जिना उतरते. एवढ्या आनंदाने मला आजवर कुणी सुधारलेलं नाही.

एक मात्र शिकले. चूक झाली की समोरच्याचा चेहरा आधी बोलतो. भुवया वर जाऊन ओठ मिटले, तर शब्दाचा अर्थ भलता निघालेला असतो. नुसता कान पुढे आला, तर उच्चार फसलाय. आणि तो इंग्रजीत बोलायला लागला, तर दोन्ही. अशा वेळी मी घाईघाईने म्हणते, "वी झाग्ट मान डास?", हे कसं म्हणतात? मग माणसं थांबतात आणि शिकवतात.

आज कपाट वळणावरून सुटलं. काकांनी वरचं टोक धरलं, मी खालचं, आणि आजींनी सूचना. यावेळी मी साडेतीनला हजर होते, खरं तर सव्वातीनलाच. नंतर तळघरातल्या बाकावर बसून आजींना अडीचची गोष्ट सांगितली. त्यांना फारच आवडली. 'अडीच' म्हणायला गेल्या की 'आदीच' यायचं, ड काही जमेना. जीभ कुठे लावायची ते मी तोंड उघडून दाखवलं, तेव्हा काका दुसरीकडे बघून हसत होते. निघताना आजी म्हणाल्या, आता मला 'तू' म्हण.

संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली. उद्या घरी ये, आणि खाली रोमन अक्षरांत एकच शब्द, आडीच. बहुधा एकमेकींवर भरवसा नको म्हणून त्याच्याखाली १४:३० असंही लिहिलंय.