ठिबकचं सहावं वर्ष

डिसेंबरात, सुरू उसाच्या लागणीआधी, एका एकरासाठी ठिबकचं कोटेशन आणलं. 60,000 रुपये. वर्षाला 16,000 सुटतील हा अंदाज माझाच होता. ठिबकवाल्या शेजाऱ्याची कारखान्याची बिलं पाहिली, तर एकरी सहा टन ऊस जास्त भरत होता. 2,800 च्या दराने त्याचे 16,800 झाले. खत-खुरपणीतली 3,200 ची बचत त्यात मिळवली आणि फिल्टर, अॅसिड, दुरुस्तीचे 4,000 वजा केले. विक्रेता म्हणाला, सहा वर्षांचे 96,000 होतात, सरळ 36,000 फायदा.

पण ते 96,000 एकदम हातात येत नाहीत. माझ्यावर पतसंस्थेचं बारा टक्क्यांचं कर्ज आहे. आज 14,286 रुपये त्या कर्जात भरले, तर वर्षाने व्याजासकट 16,000 वाचतात. म्हणून वर्षाने येणाऱ्या 16,000 ची माझ्यासाठी आजची किंमत 14,286 एवढीच. दुसऱ्या वर्षीच्या रकमेला 1.12 ने दोनदा भागायचं, तिसऱ्या वर्षीच्या तीनदा. रात्री वही घेऊन बसलो. सहा वर्षांची बेरीज 65,782 आली. फायदा 36,000 नाही, पावणेसहा हजार.

त्यातही सहाव्या वर्षाचे 8,106 वगळले, तर बेरीज 57,676. म्हणजे तोटा. आमच्या विहिरीचं पाणी क्षाराचं आहे, शिवाय उंदीर नळ्या कुरतडतात. तोडणीआधी नळ्या गुंडाळायच्या राहिल्या आणि पाचट पेटलं, तर सगळंच गेलं. सहावं वर्ष हातात धरायची माझी हिंमत होईना. अनुदानही हिशेबात घेतलं नाही, कारण ते बसवल्यानंतर जमा होतं आणि कधी होईल ते माझ्या हातात नाही.

"पण पाणी वाचेल की," मी म्हणालो.

"अहो, वाचलेल्या पाण्याचे पैसे कोण देणार?" बायको म्हणाली.

प्रश्न अगदी नेमका होता. पाणी विहिरीत राहिलं म्हणून खिशात काही येत नाही. ते कशाला तरी पाजलं, तरच रुपया होतो. तिनेच विहिरीमागचं अर्धा एकर दाखवलं. उन्हाळ्यात पाण्याअभावी ते पडीक असतं. तिथे भुईमूग घेतला, तर खर्च वजा जाता 6,000 राहतात, हे तिने बियाणं-मजुरीसकट मांडलं. मग 22,000 धरून पाचच वर्षं मोजली. आजच्या किमतीत 79,305 झाले, खर्च भागून 19,305 वर. सहाव्या वर्षाची गरजच उरली नाही.

जानेवारीत ठिबक बसवलं. आता महिन्यातून एकदा पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एक मिनिट भांडं धरतो. ताशी चार लिटरच्या ड्रीपरमधून साधारण 67 मिली पडायला हवं. परवा शेवटच्याखाली 52 भरलं. लगेच नळ्यांची टोकं उघडून गाळ काढला, आणि उद्या अॅसिड सोडणार आहे.