डाक गेली आणि पाणी वाढलं

काल रात्री पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. नाशिकच्या गंगापूर धरणातून साडेनऊला ५ हजार क्युसेक सुरू होतं, तोच आकडा हेडिंगला घेऊन डाक, म्हणजे पेपरची बाहेरगावी जाणारी, आधी छापायची आवृत्ती, सोडली, आणि साडेअकराला रिपोर्टरचा मेसेज, ८ हजार केलं. लगेच बदलायला नाही घेतलं, आधी त्याला फोन करून विचारलं की हा आकडा धरणाचा की होळकर पुलाचा, कारण मधे नाल्यांचं आणि शहरातलं पाणी नदीत येतं, पुलाखालचा आकडा वेगळाच असतो आणि घाईत दोन्हींची हमखास सरमिसळ होते. धरणाचाच होता.

मग शहर आवृत्तीचं पान घेतलं. आकडा काय एका जागी नसतो हो, हेडिंग, इंट्रो, चौकट, शिवाय आत पान ५ वर उरलेली बातमी जाते तिथेपण. कुठे ५,००० कुठे 'पाच हजार', त्यामुळे सर्चवर भरवसा नाही, मी सरळ प्रिंट काढून लाल पेनाने गोल करत जाते. आणि नुसते आकडेच शिळे होत नाहीत. 'रात्री विसर्ग वाढण्याची शक्यता' हे वाक्य साडेनऊला बरोबर होतं, आता तो वाढूनही झालाय, आणि असली वाक्यं सर्चमधे सापडतच नाहीत.

फोटोचं वेगळंच. संध्याकाळच्या फोटोत पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला होतं आणि आता बातमीत लिहिणार कमरेपर्यंत, नाशिककर पहिलं तेच बघणार! नवा फोटो घ्यायचा तर चारही रंगांच्या प्लेट नव्याने काढाव्या लागतात, नुसता काळा मजकूर बदलला तर एकट्या काळ्या प्लेटवर भागतं. पान ५ ची पण काळी बदलायचीच होती आणि प्रेसवाले घड्याळ दाखवत होते. म्हणून फोटो तोच ठेवला, फोटोखालच्या ओळीत 'सायंकाळी सहा वाजता' टाकलं.

हे सगळं नीट झालं, तरी एक गोष्ट खटकतेच. ८ हजारवाला अंक मिळणार पंचवटीतल्या माणसाला, जो गॅलरीतून नदी बघू शकतो. आणि ते पाणी पुढे जाणार निफाड तालुक्यात, सायखेडा-चांदोरीला, दर पुरात ज्यांच्या दारात नदी येते, त्यांच्याकडे मात्र ५ हजारवाली डाक. गाडी कधीच निघालेली, तो अंक काही परत येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, पुराच्या दिवसांत डाकच्या हेडिंगमधेच वेळ टाकायची, 'रात्री ९.३० ला ५ हजार क्युसेक', म्हणजे सकाळी वाचणाऱ्याला कळेल की हा आकडा रात्रीचा आहे. आमचे सर म्हणतात हेडिंगमधे वेळ वाईट दिसते, ओळ तुटते. तुटू दे की, पॉइंट साइझ थोडी कमी करू. आजच्या डाकला टाकूनच बघते, पाऊस तर सुरूच आहे.