सुरी आधीच केकमध्ये हवी

आज एका होम बेकरीच्या नव्या केकची रील लिहिली. चॉकलेट केक, पोटात कॅरॅमल. आलेल्या मसुद्याची सुरुवात होती, "नमस्कार, आज आम्ही घेऊन आलोय आमचा नवीन केक." एवढं बोलण्यातच तीन सेकंद जातात आणि केक दिसतच नाही.

आता पहिल्याच फ्रेममध्ये सुरी अर्धी आत आहे. ती उचलण्यापासून दाखवली तर मोलाचा अर्धा सेकंद फुकट जातो. मग तुकडा बाहेर येतो, कॅरॅमल ओघळायला लागतं आणि ताटलीला टेकायच्या आत कट. ओघळ पूर्ण दिसला की पुढे बघायचं कारणच उरत नाही. केक थेट फ्रिजमधून काढून कापू नका, घट्ट कॅरॅमल जागचं हलत नाही.

बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून ओळ पहिल्या फ्रेमपासून स्क्रीनवर: "कापेपर्यंत साधाच दिसतो". तीनच शब्द, एका नजरेत वाचून होतात. ("यम्मी" कुठल्याही केकला चालतं, म्हणून नको.) ओळ मधल्या भागाच्या जरा वर ठेवायची, खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं ती झाकतात. बेकरीचं नाव चौथ्या सेकंदाला, ऑर्डरची माहिती त्यानंतर.