किटलीचा आवाज : गंधारापासून उकळीपर्यंत

आमच्या हौशी गटाच्या नव्या श्रुतिकेत फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत मजल्यामजल्यावर फिरणारी ॲल्युमिनियमची चहाची किटली बोलते, आणि तिचा आवाज सध्या मी घडवतो आहे. आतापर्यंत हे काम कुठवर आले आहे, याची ही नोंद आहे.

वस्तूला बोलते करायचे म्हटले की आपण बहुतेक जण आधी आवाज वर चढवतो. माझा बोलण्याचा आवाज साधारण १२० हर्ट्झच्या आसपास असतो. तो एक सप्तक वर नेऊन २४० हर्ट्झवर बोलल्यास ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण मग किटलीला रागावायला किंवा घाबरायला वर जागाच उरत नाही, आणि लांब प्रवेशात गळाही लवकर थकतो. म्हणून मी माझ्या नेहमीच्या स्वराला षड्ज मानून किटलीचा मुक्काम शुद्ध गंधारावर, म्हणजे १५० हर्ट्झच्या जवळपास ठेवला आहे. ती चिडली की पंचमापर्यंत, म्हणजे १८० हर्ट्झपर्यंत जाते. तालमीपूर्वी तंबोऱ्याचे ॲप लावून दोन्ही स्वर गुणगुणून घेतले की पुढच्या आठवड्यातही पात्र त्याच पट्टीत सापडते.

एवढ्याने मात्र किटली उभी राहत नाही. फक्त थोडा वरच्या पट्टीत बोलणारा माणूस ऐकू येतो. शरीराचा आकार कानाला स्वरापेक्षा पोकळीवरून अधिक कळतो. स्वर स्वरतंतूंच्या कंपनांवर ठरतो, तर आवाजाचा घाट कंठापासून ओठांपर्यंतच्या नळीच्या लांबीवर आणि आकारावर ठरतो. ओठ पुढे काढून गोल केले आणि जबडा खाली सोडला की ही नळी लांबते आणि आवाज पोकळ होतो. ओठ मागे ताणले की ती आखूड होते आणि आवाज घट्ट व चकचकीत होतो. भांड्यात पाणी ओतताना वरची मोकळी जागा कमी होत जाते आणि आवाज चढत जातो, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यावरून मी दोन अवस्था ठरवल्या. भरलेली किटली ताणलेल्या ओठांनी बोलते आणि रिकामी किटली गोल ओठांनी, सैल जबड्याने. मूळ स्वर दोन्हींत गंधारच राहतो. चौथ्या मजल्यावरून ती रिकामी उतरते तेव्हा संवादात तसे सांगावे लागत नाही, हा या पद्धतीचा मला सर्वांत आवडलेला लाभ आहे.

धातूची धार आणताना आवाज नकळत नाकात जाण्याचा धोका असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. ज्यात अनुनासिक वर्ण नाहीत असे ‘ओत, आधी ओत’ हे वाक्य म्हणताना नाक चिमटीत धरावे. आवाज बदलला तर तो नाकातून येतो आहे, आणि तसाच राहिला तर धार घशातच तयार होते आहे. दुसरा धोका गोल ओठांचा असतो, कारण त्यांत ‘इ’ हा ‘उ’कडे झुकतो. रिकाम्या किटलीचे संवाद मी संहिता न वाचलेल्या एका मैत्रिणीला ऐकवून लिहून घ्यायला सांगतो. ‘पिऊन’चे ‘पुऊन’ झाले असेल, तर तेवढ्या शब्दापुरते ओठ मोकळे करावे लागतात.

सर्वांत जास्त वेळ मी लयीवर घालवला, आणि तो सत्कारणी लागला असे मला मनापासून वाटते. शेगडीवरच्या किटलीजवळ कान देऊन ऐकले तर एक गोष्ट लक्षात येते, की ती सर्वांत मोठा आवाज उकळी फुटण्याच्या आधी करते. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या थंड पाण्यात शिरताच मिटतात आणि त्यातून तो सूं-सूं नाद उठतो. सगळे पाणी तापले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत पोहोचतात आणि नाद उतरून खळखळ सुरू होते. म्हणजे गोंगाट हा किटलीच्या रागाचा कळस नव्हेच, तो त्याआधीचा टप्पा आहे. हे कळल्यावर तिच्या रागाचा आलेखच मी बदलला. गार असताना ती तुटक आणि विरळ बोलते. तापू लागली की श्वासमिश्रित, भरभर आणि विराम न घेता बोलते, आणि त्या ओळींत आम्ही मुद्दाम स, श, ष यांची दाटी ठेवली आहे. खरोखर उकळल्यावर तिचा आवाज खाली येतो, स्वर पुन्हा गंधारावर बसतो, आणि ब, भ, ग यांनी सुरू होणारे छोटे शब्द समान अंतराने पडतात. ब आणि भ यांच्या हवेचा फटका मायक्रोफोनवर बसतो, म्हणून तो तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवावा.

शब्दसंग्रहाचा नियम असा ठेवला की किटलीला डोळे नाहीत, त्यामुळे ‘दिसले’, ‘पाहिले’ ही क्रियापदे तिला नाहीत. माणसे ती मुठीच्या पकडीवरून ओळखते, काळ खेपांमध्ये मोजते, आणि भरणे, ओतणे, कलणे, निवणे, सांडणे एवढ्यातच तिचे जग मावते. दुसऱ्या मजल्यावर वकिलांची कार्यालये असल्यामुळे ‘तारीख’ आणि ‘मुदत’ हे दोनच परके शब्द तिने उचलले आहेत. ते दोनच असावेत, कारण अधिक घातले की बोलणे किटलीचे राहत नाही, लेखकाचे होते.

शेवटच्या प्रवेशात तिच्या जागी चहाचे यंत्र येते. मूळ संहितेत तिथे अशी ओळ होती : ‘मला तुमचा फार राग आला आहे. इतकी वर्षे मी या इमारतीत चहा दिला आणि आज तुम्ही मला अडगळीत टाकता?’ ही ओळ कोणताही दुखावलेला कर्मचारी म्हणू शकेल. तिच्यात राग हा शब्द आहे, पण उष्णता नाही. नवी ओळ आता अशी आहे : ‘सगळ्या जिन्याशी सोसत, शेवटच्या घोटाशी सरत, सकाळपासून संध्याकाळशी साऱ्या खेपा केल्या… बरं. बघ. भर मला. भरून बघ. मग पालथी घाल.’ पहिला भाग एका श्वासात, पंचमाकडे चढत जातो. ‘बरं’च्या आधी पूर्ण श्वासाचा विराम आहे, आणि तिथून आवाज उतरतो. चहा वाटणाऱ्या पोऱ्याला ती ‘तू’ म्हणते, कारण रोज तिचा कान त्याच्याच मुठीत असतो.

पहिल्या भागात ‘सोसत’, ‘सरत’ हे शब्द वेगात एकमेकांत मिसळतात, ही अडचण अजून आहे. वेग कमी केला तर सूं-सूं जाते. सध्या मी वेग तसाच ठेवून प्रत्येक शब्दातला पहिला स्वर किंचित लांबवतो आहे, आणि त्याने बरेच निभावते.

पुढची चाचणी कुजबुजीची आहे. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, म्हणून गंधार-पंचमाचा आधार नाहीसा होतो आणि पोकळी, लय व शब्द एवढेच उरतात. खिडकीबाहेर पाऊस नसलेल्या एका रात्री पंखा बंद करून मी हाच प्रवेश कुजबुजत ध्वनिमुद्रित केला. भरलेली आणि रिकामी किटली मैत्रिणीने न चुकता वेगळी ओळखली. तापणे आणि उकळणे मात्र तिला एकच वाटले, कारण कुजबुजीत सगळेच वर्ण श्वासमिश्रित होतात आणि दुसऱ्या टप्प्याची खूण हरवते. तो फरक आता केवळ विरामांच्या अंतरावर उभा करता येतो का, हे पुढच्या तालमीत तपासणार आहे.