फ्रीजचे खरे तापमान मोजताना

पाकिटावरच्या मुदतीच्या दोन दिवस आधीच दूध नासते आहे, असे सलग तीनदा झाले, तेव्हा मी फ्रीजचे तापमान मोजायचे ठरवले. नियंत्रणाची चकती १ ते ५ पैकी ३ वर होती. पण ते आकडे अंशांचे नसून थंडावा कमी-जास्त करण्याच्या पायऱ्यांचे असतात.

सुरुवातीला थर्मामीटर नुसताच कप्प्यात ठेवला. दार उघडून पाहिले तर ९ अंश, तासाभराने ३ अंश. दार उघडताच थंड हवा खाली ओघळते आणि बाहेरची आत शिरते, शिवाय कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तसे हवेचे तापमानही वरखाली होते. पाणी मात्र सावकाश तापते आणि सावकाश गार होते, त्यामुळे त्याचा आकडा आतल्या पदार्थांच्या तापमानाच्या बराच जवळ असतो.

म्हणून रात्री पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटरचे टोक बुडवून तो मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकणार नाही असा ठेवला. सकाळी, कोणी दार उघडण्यापूर्वी, टोक पाण्यातच ठेवून आकडा वाचला: ७ अंश.

त्यावर विश्वास ठेवण्याआधी थर्मामीटरचीच परीक्षा घेतली. बर्फाचा चुरा पेल्यात काठोकाठ भरून त्यात फटी भरतील इतकेच पाणी घातले, ढवळले आणि काही मिनिटे थांबलो. तिथे ० दिसायला हवे होते, दिसला १. म्हणजे हे यंत्र एक अंश जास्त दाखवत होते आणि खरे तापमान ६ होते. फ्रीजमधले तापमान ४ अंशांच्या वर नसावे, कारण त्यापुढे जिवाणू अधिक वेगाने वाढतात. तेव्हा दुरुस्ती करूनही फ्रीज उबदारच ठरला.

चकती ४ वर नेली आणि पूर्ण चोवीस तास थांबलो. लगेच पुन्हा मोजण्याचा मोह आवरावा, कारण सामानाने भरलेल्या फ्रीजला आणि त्यातल्या पाण्याला नव्या पातळीवर स्थिरावायला वेळ लागतो. दुसऱ्या सकाळी ५ दिसले, म्हणजे खरे ४.

मग तोच पेला दारातल्या कप्प्यात एक रात्र ठेवला. सकाळी आकडा ८, म्हणजे खरे ७! दूध मी नेहमी तिथेच ठेवत होतो. मागच्या भिंतीपाशी मात्र खरे तापमान ० भरले, त्यामुळे चकती आणखी फिरवली असती तर तिथल्या भाज्या गोठल्या असत्या. म्हणून चकतीला हात न लावता दूध मधल्या कप्प्यात हलवले. पुढची पिशवी मुदतीपर्यंत टिकली.

पेल्याची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. तो सरासरी दाखवतो, त्यामुळे वीज थोडा वेळ जाऊन आली किंवा दार काही काळ उघडे राहिले, तर हवेच्या तापमानात झालेला तात्पुरता चढ त्यात बहुधा दिसत नाही.